शेवटचा दिवस नेमका कोणता: 24 एप्रिल की 1 मे?

*मी पुण्यातल्या एका कंपनीत तीन वर्षं खरेदी विभागात होते. 3 मार्चला ईमेलवर राजीनामा दिला. नोटीस 60 दिवसांची होती. साहेब तोंडी म्हणाले, “24 एप्रिलला मोकळी हो, एचआरशी मी बोलतो.” राजीनामा स्वीकारल्याचं पत्र मला कधी मिळालंच नाही. 24 ला लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं, 27 एप्रिलला नव्या ठिकाणी रुजू झाले. हिशेबात सात दिवसांचे 11,200 रुपये कापले, तेही मी मान्य केलं. आता रिलीव्हिंग लेटर आलं, तर त्यात शेवटचा दिवस 1 मे! वर “अंतिम हिशेबाच्या अधीन राहून” असं एक वाक्य, आणि माझ्या वागणुकीबद्दल एक शब्द नाही. नवी कंपनी विचारते, पाच दिवस तुम्ही दोन्हीकडे नोकरीला होता का? जुनं एचआर म्हणतं, सिस्टिममधून निघालेलं पत्र बदलत नाही. मी काहीच लपवलेलं नाही, पण झोप उडाली आहे. काय करू?*
*— एक वाचक, पुणे*

नमस्कार,

पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सात दिवसांचे 11,200 रुपये कापले, ती. कापलेली ही रक्कमच तुमच्या बाजूने बोलणार आहे, म्हणून आधी तिच्याकडेच बघू.

11,200 भागिले सात म्हणजे दिवसाला 1,600 रुपये. तीस दिवसांचे 48,000. हा तुमचा महिन्याचा एकूण पगार असणार. म्हणजे 25 एप्रिल ते 1 मे हे सात दिवस तुम्ही कामावर नव्हता, नोटीस तेवढी कमी पडली, म्हणून कंपनीने त्या सात दिवसांचा पगार तुमच्याकडून वसूल केला. आता हेच उलट बाजूने वाचा. तुम्ही 1 मेपर्यंत नोकरीत असता, तर नोटीस पूर्ण झाली असती आणि वसुलीचं कारणच उरलं नसतं. कंपनीने पैसे घेतले त्याच क्षणी तिने मान्य केलं की तुमची नोकरी 24 एप्रिलला संपली. एकाच कंपनीच्या दोन कागदांपैकी एक चूक आहे, आणि तो रिलीव्हिंग लेटरचा कागद आहे.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली आणि अशी शेकडो पत्रं सहीसाठी माझ्या टेबलावर आली. तुमच्या पत्रातली 1 मे ही तारीख कुठून आली असेल, ते मला तुमचा मजकूर वाचतानाच दिसलं. 3 मार्च हा पहिला दिवस धरला तर मार्चचे 29, एप्रिलचे 30 मिळून 59 होतात आणि साठावा दिवस येतो 1 मे. राजीनामा नोंदवला की सिस्टिम नोटीसचे दिवस आपोआप मोजते आणि शेवटच्या दिवसाच्या रकान्यात तारीख भरून टाकते. साहेबांनी लवकर सोडायला होकार दिला, पण तो कुणी सिस्टिममध्ये घातला नाही. पगार विभागाला मात्र हजेरीवरून खरं काय ते कळलं, म्हणून त्यांनी 24 दिवसांचा पगार काढला आणि सात दिवस कापले. पत्र छापणाऱ्याने पगार विभागाचा कागद पाहिला नाही. यात कुणाचा डाव नाही, आणि म्हणूनच ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.

तरीही ईमेल लिहायच्या आधी एक गोष्ट स्वतः तपासा, कारण इथे बरेच जण घसरतात. नोटीसचे उरलेले दिवस मिटवण्याचे तीन मार्ग असतात. कंपनी ते माफ करते, किंवा त्यांचे पैसे वसूल करते, किंवा शिल्लक रजेतून भागवते. पहिल्या दोन मार्गांत शेवटचा दिवस 24 एप्रिलच राहतो. तिसऱ्यात मात्र दोन पोटप्रकार आहेत आणि ते एकसारखे दिसतात. रजेचे पैसे तुम्हाला मिळणार होते, त्यातून सात दिवसांची रक्कम वळती केली, तर तो निव्वळ पैशांचा व्यवहार आहे आणि तारीख 24 च राहते. पण ते सात दिवस तुम्हाला रजा म्हणून मंजूर केले असतील, तर त्या काळात तुम्ही रजेवर असलेली कर्मचारी होता. मग कार्यालयात यायचा शेवटचा दिवस 24 एप्रिल असला तरी नोकरीचा शेवटचा दिवस खरोखरच 1 मे ठरतो, आणि नव्या कंपनीचा प्रश्न रास्त ठरतो.

हे ओळखायचं कसं? एप्रिलची सॅलरी स्लिप काढा आणि पगाराच्या दिवसांचा रकाना बघा. तिथे 24 असेल आणि रक्कम 38,400 च्या हिशेबाने असेल, तर रजा मंजूर झालेली नाही. तिथे 30 असेल आणि सहा दिवस रजेचे दाखवले असतील, शिवाय मेच्या एका दिवसाचा पगारही कुठे दिसत असेल, तर प्रकार वेगळा आहे. तुमच्याकडून वसुली झाली आहे, त्यामुळे 24 च असणार अशी माझी खात्री आहे. पण स्लिप हातात घेऊन बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

स्लिप काढलीच आहे तर नेमणूकपत्रही काढा. नोटीस कमी पडल्यास वसुली मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमचा मूळ पगार 24,000 असेल आणि करारात मूळ पगार असं म्हटलं असेल, तर सात दिवसांचे 5,600 च होतात आणि तुमचे 5,600 जादा गेले आहेत. या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर तोही चुकीचा आहे. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात केला आहे. पण आज भांडण तारखेचं आहे. पैशांचा मुद्दा वेगळ्या ईमेलमध्ये आणि नंतर काढा. दोन्ही एकत्र लिहिले की एचआर ईमेल लेखा विभागाकडे ढकलतं आणि तारीख तिथेच अडकून पडते.

आता जे पत्र तुम्हाला मिळालंच नाही त्याबद्दल. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर ही दोन वेगळी कामं करतात, पण बहुतेकांना दोन्ही एकच वाटतात. स्वीकृतीपत्र तुम्ही नोकरीत असताना येतं आणि पुढचं बोलतं: अमुक तारखेचा तुमचा राजीनामा स्वीकारला आहे, शेवटचा दिवस अमुक राहील, नोटीसचे उरलेले दिवस अशा पद्धतीने मिटवले जातील. रिलीव्हिंग लेटर तुम्ही गेल्यावर येतं आणि झालेलं सांगतं: अमुक दिवशी काम संपल्यावर तुम्हाला कार्यमुक्त केलं. दुसऱ्या पत्रातली तारीख पहिल्यातून यायला हवी. तुमच्याकडे पहिलं पत्र नाही, म्हणून दुसऱ्याने तारीख सिस्टिममधून उचलली.

स्वीकृती कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचणं किती महत्त्वाचं असतं, ते 2024 च्या एका निकालावरून दिसतं. कोकण रेल्वेच्या एका जुन्या कर्मचाऱ्याने 2013 मध्ये राजीनामा दिला होता, आणि पुढे तो मागे घेतला. रेल्वेचं म्हणणं होतं की राजीनामा त्याआधीच स्वीकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की ते स्वीकृतीचं पत्र कार्यालयाच्या आतल्या आत राहिलं, कर्मचाऱ्याला कळवल्याचं दिसत नाही, आणि त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याला नोकरी टिकवायची होती, तुम्हाला संपल्याची तारीख सिद्ध करायची आहे. गरज उलटी आहे, पण धडा तुमच्याही उपयोगाचा आहे: साहेब एचआरशी काय बोलले याला कागदावर किंमत नाही, तुम्हाला काय कळवलं त्याला आहे.

म्हणून 24 एप्रिलच्या आधी तुम्हाला लेखी काय काय कळवलं गेलं, ते गोळा करा. औपचारिक पत्र नसलं म्हणून काहीच नाही असं होत नाही. काम कुणाकडे सोपवायचं याचा साहेबांचा ईमेल, त्यात 24 तारखेचा उल्लेख. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पावती, किंवा आयटी विभागाचा ‘मिळालं’ असा ईमेल. एक्झिट इंटरव्ह्यूचं निमंत्रण. 24 तारखेचा निरोपाचा ईमेल, ज्यावर चार सहकाऱ्यांनी शुभेच्छा दिल्या असतील. तो तर तुमच्या विभागातल्या सगळ्यांच्या साक्षीइतका मोलाचा आहे. यातलं जे कंपनीच्या ईमेलमध्ये होतं आणि आता तुमच्या हातात नाही, ते सहकाऱ्याला काढून पाठवायला सांगू नका. त्याची नोकरी धोक्यात येईल. तुमच्या वैयक्तिक ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर जे आहे तेवढं पुरेल. साहेबांना मात्र एक साधा निरोप आजच पाठवा: “सर, आपलं बोलणं झाल्याप्रमाणे 24 एप्रिल हा माझा शेवटचा दिवस होता, पण पत्रात 1 मे आला आहे. आपण एचआरला एक ओळ लिहाल का?” त्यांनी नुसतं ‘हो, सांगतो’ म्हटलं तरी तोंडी होकाराचा लेखी पुरावा तयार झाला.

आता एचआरला काय लिहायचं. ‘पत्र बदला’ असं लिहू नका. सिस्टिममधून निघालेलं पत्र बदलत नाही, हे त्यांच्या दृष्टीने खरं आहे. त्या पत्राला जावक क्रमांक असतो, ते फाइलला लागलेलं असतं. पण शुद्धिपत्र काढता येतं, किंवा आधीचं पत्र रद्द करून नवीन देता येतं. हे प्रत्येक एचआरला माहीत असतं आणि त्यासाठी लागतो एक स्पष्ट आधार. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं, तुमच्या कंपनीत ज्या भाषेत कामकाज चालतं त्या भाषेत:

“माझ्या रिलीव्हिंग लेटरमध्ये शेवटचा कामाचा दिवस 1 मे असा छापला गेला आहे. माझा प्रत्यक्ष शेवटचा दिवस 24 एप्रिल होता. एप्रिलच्या सॅलरी स्लिपमध्ये 24 दिवसांचा पगार आहे आणि अंतिम हिशेबात 25 एप्रिल ते 1 मे या सात दिवसांच्या नोटीसपोटी 11,200 रुपये वसूल झाले आहेत. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. कृपया आजच्या तारखेचं सुधारित पत्र द्यावं, ज्यात राजीनाम्याची तारीख 3 मार्च, राजीनामा स्वीकारल्याचा उल्लेख आणि शेवटचा दिवस 24 एप्रिल असेल. तसंच कर्मचारी नोंदीत आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत हीच तारीख करावी.”

यात ‘आजच्या तारखेचं’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. एखादा मदतीला तयार असलेला एचआर अधिकारी म्हणेल, “मी तुम्हाला मार्चची तारीख टाकून स्वीकृतीपत्र बनवून देतो.” ते घेऊ नका. तसं पत्र मार्चमध्ये निघालंच नव्हतं, आणि फाइलची तारीख, जावक क्रमांक किंवा सही करणाऱ्याची त्या दिवशीची रजा, कशावरूनही ते उघड होऊ शकतं. तेव्हा आज खरी असलेली तुमची बाजू खोटी ठरेल. आजच्या तारखेच्या पत्रात मागची घटना सांगायला काहीच हरकत नसते. ‘आपला 3 मार्चचा राजीनामा स्वीकारण्यात आला होता आणि आपल्याला 24 एप्रिल रोजी कामकाजाच्या अखेरीस कार्यमुक्त करण्यात आलं’, या एका वाक्यात दोन्ही पत्रांचं काम होतं. आणि हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते: पत्राच्या पीडीएफमध्ये स्वतः तारीख बदलायचा विचार कुणी सुचवला तर त्या माणसाचा सल्ला पुन्हा घेऊ नका. पडताळणी करणारे जुन्या कंपनीला थेट विचारतात. तारीख न जुळणं हे स्पष्टीकरणाने मिटतं, बदललेला कागद नोकरी घालवतो.

ईमेलमधलं शेवटचं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. नवी कंपनी ज्या पडताळणी संस्थेला काम देते, ती जुन्या एचआरला ईमेल करते आणि तिथला कर्मचारी सिस्टिम उघडून उत्तर देतो. तुमच्या हातातलं पत्र तो बघत नाही. नवीन पत्रात 24 एप्रिल आणि सिस्टिममध्ये 1 मे राहिलं, तर पुढच्या नोकरीच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही एका मुलाला सुधारित पत्र दिलं आणि नोंद तशीच ठेवली. दोन वर्षांनी पडताळणीच्या ईमेलला माझ्याच विभागाने जुनी तारीख कळवली. त्या मुलाचा फोन आला तेव्हाचा त्याचा आवाज मला अजून आठवतो. चूक आमची होती, आणि खुलासे द्यावे लागले त्याला.

आता त्या ‘अंतिम हिशेबाच्या अधीन राहून’ या वाक्याकडे. ते पत्र लिहिताना हिशेब व्हायचा असेल तर रास्त आहे. पण तुमचा हिशेब झाला आहे, पैसे कापून झाले आहेत. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की काहीतरी येणं बाकी आहे. सुधारित पत्रात त्याऐवजी ‘अंतिम हिशेब पूर्ण झाला असून कंपनीचं कोणतंही येणं बाकी नाही’ असं मागा. हिशेबातली काही रक्कम तुम्हाला अजून मिळायची असेल, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. महिनाभर हिशेब ‘चालू’ ठेवणाऱ्यांना ते नम्रपणे लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

वागणुकीबद्दल एक शब्द नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं आहे, ते मी समजू शकते. तीन वर्षं मनापासून काम केलं की ‘चांगली होती’ एवढं तरी कुणी लिहावं असं वाटतंच. पण पडताळणीच्या दृष्टीने या मौनाचा अर्थ वाईट नसतो. अनेक कंपन्या धोरण म्हणून फक्त पद आणि तारखा लिहितात. वाचणारा शोधत असतो तो वेगळ्या शब्दांचा मागमूस: ‘कार्यमुक्त’ ऐवजी ‘सेवा समाप्त’, राजीनाम्याऐवजी ‘गैरहजेरीमुळे नाव कमी केलं’. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरीही मागायचंच असेल तर विशेषणं मागू नका. ‘वर्तणूक उत्तम’ लिहायला एचआर कचरतं, कारण ते मत झालं आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. त्याऐवजी ‘नोकरी सोडताना त्यांच्याविरुद्ध कोणतीही शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नव्हती’ हे वाक्य मागा. ते तथ्य आहे, नोंदीवरून तपासता येतं, म्हणून मिळण्याची शक्यता जास्त. आणि नव्या कंपनीला ‘उत्तम’ पेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो.

एचआर उत्तर देईपर्यंत भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर जाऊन तुमची नोंद बघून घ्या. `View` मध्ये `Service History` उघडलं की जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख दिसते, किंवा रकाना रिकामा असतो. पासबुकही बघा. तिथे एक गोष्ट लोकांना घाबरवते: एप्रिलच्या पगाराची वर्गणी मे महिन्यात जमा झालेली दिसते. एप्रिलची वर्गणी भरायची मुदतच 15 मे असते, त्यामुळे त्याचा अर्थ तुम्ही मेमध्ये तिथे होता असा होत नाही. वर्गणी कोणत्या महिन्याच्या पगाराची आहे ते पाहायचं. एप्रिलसाठी दोन्ही कंपन्यांच्या वर्गण्या दिसतील, तेही बरोबरच आहे, कारण 24 पर्यंत तुम्ही एकीकडे होता आणि 27 पासून दुसरीकडे. जुन्या कंपनीची मेच्या पगाराची वर्गणी नसणं हा तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा, आणि तो सरकारी नोंदीतला.

सोडल्याची तारीख रिकामी असेल तर कंपनीने 24 एप्रिल भरावी म्हणून पाठपुरावा करा. त्यांनी भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर तुम्हाला स्वतःला `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती भरता येते. तिथे शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली तारीख टाकता येते, म्हणजे एप्रिलमधली. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर चालू आहे ना ते आधी पाहा. तारीख एकदाच आणि नीट भरा. कंपनीने आधीच 1 मे भरून टाकली असेल, तर ती जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून करायच्या अर्जाने, दुरुस्त करावी लागते. त्यासाठी कागद म्हणून सुधारित रिलीव्हिंग लेटर कामाला येतं, म्हणून पत्र आधी आणि ही दुरुस्ती नंतर. सोडल्याचं कारण म्हणून तिथे `Cessation (Short Service)` असं काहीसं दिसेल. ते वाचून दचकू नका. राजीनाम्यासाठी सहसा तोच पर्याय निवडतात आणि त्यात कसलाही ठपका नाही.

नव्या कंपनीला मात्र या सगळ्यासाठी थांबवून ठेवू नका. त्यांचा प्रश्न लेखी आला असेल तर आजच लेखी उत्तर द्या. लांबलचक कहाणी नको. “माझा शेवटचा दिवस 24 एप्रिल होता. पत्रातली तारीख नोटीसच्या मूळ 60 दिवसांवरून छापली गेली आहे. सोबत 24 दिवसांची सॅलरी स्लिप आणि सात दिवसांची वसुली दाखवणारा अंतिम हिशेब जोडला आहे. सुधारित पत्र मागितलं आहे, ते आल्यावर पाठवते.” एचआरला केलेला ईमेलही जोडा. पडताळणी करणाऱ्यांना अशा तफावती रोज दिसतात. त्यांना एवढंच ठरवायचं असतं की ही दोन नोकऱ्यांची लपवाछपवी आहे की कारकुनी चूक. दोन पगार घेणाऱ्या माणसाकडे सात दिवसांच्या वसुलीचा कागद नसतो.

एचआरने आठ-दहा दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तोच ईमेल पत्रावर ज्यांची सही आहे त्यांना आणि एचआर प्रमुखांना पाठवा, आणि छापील प्रत स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर धाडा. त्यानंतरही शांतता असेल तर वकिलाची नोटीस. बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जात नाहीत, कारण चूक स्पष्ट आहे आणि दुरुस्तीला खर्च नाही. खासगी क्षेत्रातल्या प्रत्येकाला रिलीव्हिंग लेटर मिळालंच पाहिजे असं सरसकट सांगणारा एकच कायदा नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत कामगारांसाठी सेवा प्रमाणपत्राची तरतूद असते, पण खरेदी विभागातलं तुमचं पद ‘कामगार’ या व्याख्येत बसतं का, हे तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता यावर ठरतं. देखरेखीचं आणि मंजुरीचं काम असेल तर बसणं अवघड. वकिलाकडे जाल तेव्हा पदनामाऐवजी रोजचं काम सांगा. भविष्य निर्वाह निधीच्या तारखेसाठी मात्र वकिलाची गरज नाही. कंपनी दाद देत नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, EPFiGMS वर, तक्रार करता येते. तक्रारीसोबत एप्रिलची स्लिप आणि अंतिम हिशेब हेच दोन कागद लावा.

सुधारित पत्र हातात आलं की ते लगेच पुढे पाठवू नका. आधी तुमच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा, रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी जुळवा, पदनाम शेवटच्या बढतीचं आहे ना ते बघा. घाईत काढलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्यात नसलेली चूक शिरलेली मी अनेकदा पाहिली आहे. सगळं बरोबर असेल तर त्याच दिवशी नव्या कंपनीला पाठवा, आणि जुन्या एचआरला ‘मिळालं, नोंदीतली तारीखही बदलली ना?’ असं विचारणारा एक ईमेल टाका. त्या ईमेलला आलेलं ‘हो’ हे उत्तर पत्रासोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवा.